प्रतिसाद: हॉस्टेलवरचा पहिला आठवडा

> पहिल्या रात्री झोप येत नाही हे पटलं, पण कथेतली मुलगी आख्खा आठवडा जागी, हे जरा ताणलेलं नाही वाटत?

मला नाही वाटलं, कारण सदाशिव पेठेतल्या एका हॉस्टेलवर मी स्वतः अशीच घुबडासारखी जागी असायचे. पहिल्या रात्रीचं कारण वेगळं, नव्या जागी मेंदूची डावी बाजू म्हणे तितकी गाढ झोपत नाही, पहारा देते, २०१६ मधे ब्राउन युनिव्हर्सिटीवाल्यांनी हे मोजून दाखवलं होतं, त्यामुळे कॉरिडॉरमधे चप्पल वाजली की ती दचकते ते एकदम बरोबर आलंय. पण हा पहारा लवकरच ढिला पडतो. पुढच्या रात्रींचं कारण लेखिकेने दाखवलंच नाही.

माझं काय व्हायचं, तीनला कॉलेजवरून आले की मेसचं जेवण अंगावर यायचं, जरा पडते म्हणून आडवी व्हायचे ते थेट सहाला जाग, बाहेर दिवेलागण आणि रूममेट चहाला हाका मारतेय. मग अकराला लाइट बंद झाल्यावर झोप येणार कुठून, ती दुपारीच खर्चून टाकलेली! पंखा प्रत्येक फेऱ्याला खट् करायचा, मी ते मोजत पडायचे. (घरी आजी रात्रभर खोकायची, त्याने कधी जाग नाही आली हं.) सातव्या दिवशी प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत लांबलं, दुपारची झोप हुकली, आणि त्या रात्री दहा खट् पण मोजून झाले नाहीत.

तो दुपारचा एक सीन कथेत हवा होता. बाकी आईचा फोन आला आणि लगेच डोळा लागला, हे मात्र मलाही फिल्मीच वाटलं.