मदत हवी आहे: कटलेला पोल स्थिरतेत धरायचा का?

मंडळी, कोल्हापुरात आमच्या अभ्यासगटात यावर दोन तट पडलेत. समीकरण असं:

y'' + y' − 2y = u' − u

सुरुवातीच्या अटी शून्य धरून लाप्लास घेतला:

G(s) = (s−1)/((s−1)(s+2)) = 1/(s+2)

उरलेला पोल −2, म्हणजे स्थिर. युनिट स्टेपला आउटपुट 0.5 वर नीट बसतं. पण इनपुट शून्य ठेवून y(0) = 0.01, y'(0) = 0 दिलं, की दहाव्या सेकंदाला y 147 च्या आसपास जातं, कारण e^t चा भाग जिवंतच आहे.

गुणाकार पुन्हा तपासला, चूक नाही. u = −Ky फीडबॅकही लावून पाहिला. लाक्षणिक समीकरण (s−1)(s+2+K) = 0 येतं, K कितीही घ्या, 1 वरचा पोल जागचा हलत नाही.

मग स्थिरता ठरवताना कटण्याआधीचेच पोल धरायचे ना? आणि दुसऱ्या एखाद्या कंट्रोलरने हा पोल डावीकडे नेता येईल, की मूळ सिस्टिमच बदलावी लागेल?