शब्दचर्चा: थट्टा, टिंगल आणि 'आज श्रीलंका'

रानवारा:
मानसशास्त्रावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. त्यात विनोदाच्या शैली आहेत: अफिलिएटिव्ह, अग्रेसिव्ह, सेल्फ-डिफीटिंग. 'संलग्न', 'आक्रमक', 'आत्मपराभवी' असं लिहिलं खरं, पण असं कोणी बोलत नाही. शिवाय घरातला एक प्रसंग यातल्या कुठल्या खणात टाकायचा तेही कळत नाही. धाकट्या जावेच्या पोळ्या गोल होत नाहीत. मोठे भाऊजी रविवारी सगळ्यांसमोर पोळी वर धरून विचारतात, "आज कुठला देश?" सगळे हसतात. हल्ली तीच वाढताना आधी म्हणते, "घ्या, आज श्रीलंका."

मेतकूट:
मनात वाईट नसेल तर ती थट्टाच. घरात एवढं चालायचंच.

पाटीपेन्सिल:
आक्रमक विनोदाला मराठीत 'उपरोध' हा शब्द आहेच की.

जुनी वही:
उपरोध ही बोलण्याची तऱ्हा झाली. जिवाभावाचे मित्रही एकमेकांशी उपरोधाने बोलतात. इथे प्रश्न विनोद कशासाठी वापरला जातो हा आहे.

या शैली कॅनडातल्या रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली मांडल्या. त्यांच्या प्रश्नावलीत 32 विधानं आहेत, प्रत्येक शैलीची 8. म्हणजे शैली चार, तुमच्या यादीतली एक राहिली: अडचणीत स्वतःला सावरून धरणारा विनोद. जावेचं वाक्य 'आत्मपराभवी' की या चौथ्या शैलीतलं, हे ठरवायला ती लागणार आहे. आक्रमक शैलीतलं एक विधान साधारण असं आहे: कुणी चूक केली की मी त्यावरून त्याला बरेचदा चिडवतो.

मेतकूट, हेतू महत्त्वाचा हे मान्य. पण तो चिडवणाऱ्याला आतून ठाऊक असतो, समोरच्याला फक्त शब्द ऐकू येतात. क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2006 साली नेमकं हेच दाखवलं: चिडवणाऱ्याला आपली थट्टा जितकी निरुपद्रवी वाटते, तितकी ती ज्याला चिडवलं त्याला वाटत नाही. म्हणून हेतू विचारून काही हाती लागत नाही. थट्टेनंतर काय होतं ते बघावं. समोरच्याचा चेहरा उतरला तर चिडवणारा थांबतो का? उलट थट्टा चालवून घेतो का? बघणारं कोणी नसतानाही ती करतो का?

मराठीत याची एक खूण आहे. 'माझ्याशी थट्टा करतो' यात दोघं खेळात असतात. 'माझी थट्टा करतो' यात मी खेळणं होते. पुढे 'टर उडवणे', 'खिल्ली उडवणे' इथे तर माणूस हवेतच.

मेतकूट:
आमच्याकडे 'नातवंडं माझी मस्करी करतात' असं आजी कौतुकानं सांगते. तुमची 'शी' आणि 'ची' तिथे टिकत नाही.

जुनी वही:
बरोबर. खूण आहे, नियम नाही.

सांजवेळ:
मला जावेचं वाक्य वाचून कसंसंच झालं. ऑफिसात लिफ्टमध्ये शिरताना मी म्हणायचे, "मी आले, आता दोघं उतरा." दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी मीच म्हणून टाकायचं, म्हणजे कमी लागतं. एकदा एक मैत्रीण हसली नाही, नुसती सरकून जागा केली. त्या दिवशी घरी येऊन रडले. पण स्वतःवर हसणं वाईट, असं आहे का?

जुनी वही:
नाही, मुळीच नाही. स्वतःची फजिती रंगवून सांगणारा माणूस सगळ्यांना जवळ आणतो. फरक असा की तो त्याला हवं तेव्हा सांगतो आणि सांगून मोकळा होतो. तुम्ही सांगितलंत त्यात वार चुकवण्याची घाई आहे. हसू मिळतं, पण आपण खाली आहोत हे आपणच कबूल करून बसतो.

रानवारा, भाऊजी जेवायला नसतात तेव्हा ती 'श्रीलंका' म्हणते का?

रानवारा:
काल भाऊजी गावाला गेले होते. मुद्दाम लक्ष ठेवलं. ती काहीच बोलली नाही. डब्यातल्या वरच्या दोन वाकड्या पोळ्या तिने बाजूला काढल्या, खालच्या बऱ्या आलेल्या आम्हाला वाढल्या आणि वाकड्या स्वतःच्या ताटात घेतल्या. आणखी एक आठवलं. दिवाळीत तिने भाऊजींच्या घोरण्यावर काही म्हटलं होतं, तेव्हा ते "मोठ्यांशी असं बोलतात का?" म्हणाले होते.

जुनी वही:
मग उलट थट्टेची वाट बंद आहे. तिचं वाक्यही भाऊजींसाठीच होतं, गंमत म्हणून किंवा स्वतःला सावरायला नव्हतं. तरी एका प्रसंगावरून भाऊजींवर शिक्का मारू नका. शैली म्हणजे सवय, ती चार ठिकाणी दिसावी लागते. प्रश्नावलीचीही हीच मर्यादा आहे. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो तेच ती मोजते, आणि 'मी लोकांना दुखावतो' असं सांगणारे थोडेच.

मेतकूट:
घोरण्याचं वाचून मी माझं म्हणणं मागे घेतो.

रानवारा:
पहिल्या दोन शैलींना 'जोडणारा विनोद' आणि 'बोचरा विनोद' करते. तिसऱ्याला?

सांजवेळ:
'स्वतःला उणं करणारा'.

पाटीपेन्सिल:
लांबतंय. 'आत्मकुचेष्टा' चालेल?

सांजवेळ:
कुचेष्टेत वाईट हेतू येतो. लिफ्टमध्ये माझा हेतू फक्त स्वतःला वाचवायचा होता.