मदत हवी आहे: एच-४ व्हिसावर असताना पुण्याची नोकरी घरून चालू ठेवावी का?

सायली_प्लेनो: नमस्कार. पुण्यात नऊ वर्षे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम केल्यावर मार्चमध्ये राजीनामा देऊन मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर नवऱ्याकडे टेक्सासमध्ये आले. जुने ऑफिस म्हणते की ड्रॉइंग तपासण्याचे काम तिथूनच करा, पगार पुण्यातल्या खात्यात जमा करू. हे चालेल का? दुसरी अडचण घरातली आहे. मी कार्ड वापरले की नवऱ्याच्या फोनवर मेसेज जातो आणि "आज काय घेतलंस?" असे तो सहजच विचारतो, त्याच्या मनात काही नसते, तरीही परवा १४ डॉलरची गाळणी हातात घेऊन मी पुन्हा फळीवर ठेवली. दुपारी मैत्रिणींशी बोलावेसे वाटते तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा वाजलेले असतात.

मुसाफिर७७: २०२१ पासून जोडीदाराला वेगळे वर्क परमिट लागत नाही. माझी पत्नी तशीच काम करते. निश्चिंत राहा.

जुना_न्यूजर्सीकर: मुसाफिर, ती सवलत कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या जोडीदारांची, म्हणजे एल-२ची आहे, एच-४ची नाही. एच-४वर ईएडी, म्हणजे वर्क परमिट, लागतेच, आणि त्यासाठी अर्ज करायचा तर नवऱ्यासाठी कंपनीने भरलेला ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा किंवा त्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असावी. म्हणून सायलीताई, कंपनी पर्म, म्हणजे ग्रीन कार्डाची पहिली पायरी, केव्हा सुरू करणार हे नवऱ्याला विचारायला सांगा, कारण तुमचे वेळापत्रक त्या एका तारखेवर ठरते. पुण्याच्या कामाबद्दल वकिलांचे एकमत नाही. माझे मत विचाराल तर करू नका. पगार कुठेही जमा झाला तरी काम तुम्ही इथे बसून करता, त्यावर इथे कर लागतो, आणि तो विवरणपत्रात दाखवला की विनापरवाना कामाची नोंद तुम्हीच करून दिलेली असते. सल्ला स्वतंत्र वकिलाचा घ्या, कंपनीचा वकील आधी कंपनीचे पाहतो. शिकायला मात्र एच-४वर मुभा आहे आणि इंजिनिअरच्या परवान्यासाठीच्या पहिल्या, एफई परीक्षेला वर्क परमिट लागत नाही.

घरचा_बल्लव: मी पुरुष असून एच-४वर चार वर्षे काढली. "सध्या काय करता?" या प्रश्नाने मी मंडळाच्या गणपतीला जाणे सोडले होते, पण ते असो. सोशल सिक्युरिटी नंबर नसतानाही एका बँकेने पासपोर्ट आणि घरभाड्याच्या करारावर माझ्या नावाचे खाते उघडून दिले. दर एक तारखेला पत्नी त्यात ठरलेली रक्कम टाकते आणि तिचा हिशेब कोणी मागत नाही. हे सुचवले तेव्हा तिला वाईट वाटले होते, "माझे पैसे तुझे नाहीत का?" म्हणून दोन दिवस अबोला होता.

सायली_प्लेनो: सर्वांचे आभार. काल विचारले. कंपनी एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय पर्म सुरू करत नाही आणि त्याचे आठ महिनेच झाले आहेत. वेगळ्या खात्याचे ऐकून तोही आधी गप्पच झाला, पण शनिवारी बँकेत जाणार आहोत. पुण्याला अजून नकार कळवलेला नाही, हात धजत नाही. पुणे विद्यापीठाची बीई घेऊन टेक्सासमध्ये एफई दिलेले इथे कोणी आहे का?