मेमरी दुप्पट केली म्हणून सॉर्ट निम्म्या वेळात होत नाही

डेटावाला: ६४ जीबीची फाइल ४ जीबी मेमरीत सॉर्ट करायला रात्र जाते. मेमरी ८ जीबी करा, रन, म्हणजे मेमरीत एकदम सॉर्ट होऊन डिस्कवर लिहिले जाणारे तुकडे, दुप्पट मोठे होतील, वेळ निम्मा. साधं गणित आहे.

वाईकर: हे गणित वाचून राहवलं नाही. ४ जीबीचे सोळा रन झाले. सोळाही एकदम मर्ज केले, म्हणजे क्रम राखून जोडले, तर प्रत्येकाला सुमारे २४० एमबीचा बफर मिळतो. फाइल दोनदा वाचली, दोनदा लिहिली, म्हणजे डिस्कवर २५६ जीबीची ये-जा. ८ जीबीत आठ रन होतील, पण ये-जा तेवढीच! वेळ डिस्कवर जातो, आणि पास, म्हणजे अख्खी फाइल वाचून लिहायची फेरी, कमी झालाच नाही. तुम्ही रन दोन-दोनच जोडत असाल तर मात्र चार मर्ज पास होतात, एकूण ६४० जीबी. तिथेही मेमरी दुप्पट केल्यावर, रन बनवायचा एक पास धरून, पाचाचे चार पास होतील. निम्मे कुठून?

जुनी_टेप: मेमरी न वाढवताही रन दुप्पट होतात. मेमरीतल्या हीपमधला सर्वांत लहान रेकॉर्ड लिहायचा, त्या जागी नवा घ्यायचा. नवा आत्ता लिहिलेल्याहून लहान नसेल तर तो याच रनमध्ये जातो. विस्कळीत डेटावर रन सरासरी मेमरीच्या दुप्पट होतो. आम्ही हेच करायचो, आता कुणाला ठाऊकच नाही.

मेधा: ठाऊक आहे काका. डेटा नेमका उलट्या क्रमात आला तर रन मेमरीएवढाच राहतो. आणि इथे सोळाचे आठ झाले तरी पास कुठे वाचतो?

जुनी_टेप: टेप ड्राइव्ह मोजकेच असायचे, एका वेळी तेवढेच रन जोडता यायचे. तिथे प्रत्येक रन मोलाचा होता. न पाहता बोलू नका! या फाइलला फायदा नाही, हे मान्य.

सोलापूरकर: तुमचे पास राहू द्या. माझा सॉर्ट रात्री दोनला `No space left on device` म्हणून मेला. डेटा डिस्कवर दोनशे जीबी मोकळे होते!

मेधा: मोकळी जागा तिकडे आणि रन `/tmp` मध्ये. `-T` देऊन रनची जागा बदला. डेटावाला, तुम्हीही लिनक्सचा `sort` वापरत असाल तर वेगळं सांगितलं नाही तर तो एका वेळी सोळाच फाइल जोडतो. शिवाय ओळी छोट्या असल्या की प्रत्येक ओळीच्या नोंदीतच बरीच मेमरी जाते, म्हणून रन ४ जीबीचे होतच नाहीत. चालू असताना मोजा:

```
ls /tmp/sort* | wc -l
```

डेटावाला: एक्केचाळीस आल्या. ओळी तीसेक बाइटच्या आहेत.

वाईकर: म्हणजे काही रन दोनदा जोडले जातायत. हे लावा:

```
sort -S 4G -T /data/tmp --batch-size=64 in.txt -o out.txt
```

जुनी_टेप: फिरत्या डिस्कवर एक्केचाळीस ठिकाणी डोकं हलणार, त्याचं काय?

वाईकर: बफर जवळपास शंभर एमबीचा आहे. एवढं सलग वाचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं, डोकं हलायला दहाएक मिलिसेकंद. बफर ६४ केबीचा असता तर तुमचं खरं होतं.

डेटावाला: आज रात्री लावतो. निम्मा म्हणालो ते चुकलं. पण ८ जीबीत रन वीस-एकवीसच झाले असते. मेमरीची मागणी मी सोडणार नाही.