मदत हवी आहे : खाऊच्या पैशांचा खेळ, पण खर्च कुणीच करेना!

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या कॉलनीतल्या १० ते १२ वर्षांच्या पोरांसाठी पुठ्ठ्यावर खेळ बनवतोय. १२ फेऱ्या म्हणजे १२ आठवडे, दर फेरीला ५० रुपये खाऊचे. शेवटी ४०० रुपयांची बॅट घ्यायची. वाटेत वही, पेन, सायकलचं पंक्चर असे न टळणारे खर्च, एकूण १२० चे. रंकाळ्यावरची भेळ २० रुपये, ती ऐच्छिक.

हिशेब असा : ६०० मधून १२० गेले, ४०० बॅटचे, उरले ८०. जास्त शिल्लक त्याचा विजय म्हटलं, तर पोरं भेळेकडे ढुंकूनही बघेनात. म्हणजे बजेट नाही, नुसता कंजूषपणा! मग प्रत्येक भेळेला एक ‘मजा’ गुण दिला आणि बॅट घेतलेल्यांत जास्त गुण तो विजेता ठरवला. आता सगळे हिशेब करून बरोबर चार भेळ खातात आणि बरोबरी होते.

म्हणून न टळणारे खर्च चिठ्ठ्यांवर टाकायचा विचार आहे. एकूण खर्च कधी ६०, कधी १८० होईल. १८० झाला तर हातात २०च उरतात; आधीच दोन भेळ हाणल्या असतील त्याची बॅट गेली. चिठ्ठी सगळ्यांना एकच, म्हणजे नशिबावरून भांडण नको. पण मग पोरं शेजारच्याचं बघून खेळतात. चिठ्ठी उघडण्याआधी प्रत्येकाने आपला खर्च पाकिटात झाकून ठेवायचा, हे या वयाला जमेल का? आणि बॅट हुकलेल्याला थेट बाद करावं, की गुण कापावेत? बाद झालेला पोरगा परत खेळायला बसत नाही, हा माझा अनुभव. कुणी असा खेळ बनवला असेल तर सांगा राव.