कुर्ता आखडला! कॉटन, रेयॉन की जॉर्जेट?

मेघा (बी ३०४): हॉलमधल्या प्रदर्शनातून घेतलेला कुर्ता दुसऱ्या धुण्यातच आखडला. ऑफिसला आता काय घालू? बाई "सॉफ्ट कॉटन" म्हणाली होती, आत लेबल रेयॉनचं. तो स्टॉल कोणी आणला, सगळ्यांना माहीत आहे.

स्वाती (ए १०२): नाव घेऊन बोल ना. कसा धुतलास?

मेघा: मशीनला, गरम पाण्यात, जीन्सबरोबर. सगळं तसंच धुते मी.

शुभदाकाकू (सी ५०१): उन्हाळ्यात कॉटनच घ्या.

नीलिमा (ए ४०४): मेघा, रेयॉन घाम कॉटनपेक्षाही जास्त शोषतं, अंगाला गार लागतं. पण ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, तेव्हाच ते आखडतं नाहीतर ताणलं जातं. गार पाण्यात हाताने धुवायचं, पिळायचं नाही, तळव्यांत दाबून पाणी काढायचं. ओलं हँगरला लावलं तर पाण्याच्या वजनाने लांबतं, म्हणून दोरीवर मधोमध टाकायचं, सावलीत.

कुलकर्णीकाका (ए ३०४): दोरीचं निघालंच आहे तर, ४०४चं पाणी काल आमच्या पापडांवर पडलं. नम्र विनंती. 🙏

नीलिमा: काका, तो एसीचा पाइप आहे. सेक्रेटरींना फोटो दिलाय, मार्चपासून.

पल्लवी (बी ६०३): मी तर जॉर्जेटच. डोंबिवली फास्टमधून उतरेपर्यंत कॉटनचा बोळा होतो. जॉर्जेट रात्री धुतलं की सकाळी तयार, इस्त्रीही नको.

नीलिमा: बाजारातलं बहुतेक जॉर्जेट पॉलिएस्टरचं असतं गं, घाम पीतच नाही. पाठीला चिकटतं आणि काखेतला वास धुतल्यावरही राहतो. त्यात अस्तर क्रेपचं असेल तर दुप्पट उकडतं. घालायचंच तर अस्तर मलमलचं लाव.

शुभदाकाकू: म्हणून म्हणते, कॉटनच घ्या.

पल्लवी: काकू, तुम्हाला लोकल पकडायची नसते.

शुभदाकाकू: तीस वर्षं पकडली, बाळ. स्टार्चच्या साडीत.

स्वाती: 😂😂 काकू रॉक्स

मेघा: माझ्या पैशांचं काय पण? आणि पुढच्या वेळी ओळखायचं कसं?

नीलिमा: शिवणीतला धागा काढून चिमट्यात धरून जाळ. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर कॉटन किंवा रेयॉन. मग दुसरा धागा ओला करून ओढ, रेयॉन चटकन तुटतं. पण धागा कापडाचाच हवा, शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो. आणि पल्लवी, ऑफिससाठी मलमल नको, कॅम्ब्रिक घे, बारीक प्रिंटचं. त्यात चुण्या आणि घामाचे डाग दोन्ही लपतात. करड्या आणि आकाशीवर काख लगेच दिसते. मशीनमधून काढल्या काढल्या झटकायचं, किंचित दमट असतानाच इस्त्री. शिवणार असशील तर कापड आधी भिजवून घे.

शुभदाकाकू: कॉटनच.

स्वाती: मेघा, स्टॉलवालीशी बोलले. बिल आण, रविवारी बदलून देईल म्हणते.

कुलकर्णीकाका: एसीच्या पाइपचं रविवारीच बघू या का?