परदेशी शिकणाऱ्या मुलांना पैसे पाठवताना: शुल्क की दर? (अनुभव धागा)

माझा मुलगा जर्मनीत शिकतो आणि त्याला आम्ही नाशिकहून दर तिमाहीला पैसे पाठवतो. आमची बँक "शून्य शुल्क" म्हणते, तर ॲप शुल्क घेते. ज्यांनी दोन्ही वापरले आहे, त्यांनी आपला हिशेब इथे मांडावा, ही विनंती.

सायली_आखेन: शुल्काचा आकडा बाजूला ठेवून, हातात ठरावीक युरो पडण्यासाठी खात्यातून एकूण किती रुपये जातात, एवढेच विचारावे. समजा बाजारातला मधला दर 100 रुपये आहे आणि मला 3,000 युरो हवे आहेत. शुल्क न घेणाऱ्या बँकेने 102 चा दर लावला, तर 3,06,000 रुपये आणि चलन बदलण्यावरचा सुमारे 365 रुपये जीएसटी जातो. ॲपने 100.60 चा दर आणि जीएसटीसह 590 रुपये शुल्क लावले, तर चलनावरचा जीएसटी धरूनही एकूण 3,02,752 रुपयांच्या आसपास जातात. म्हणजे "शून्य शुल्क" साडेतीन हजारांहून अधिक महाग पडले. दर मिनिटागणिक हलतो, म्हणून दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी पाहावेत.

देशपांडे_काका: त्यापेक्षा टीसीएसकडे, म्हणजे पैसे पाठवतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराकडे लक्ष द्या. वर्षात 10 लाखांच्या पुढे गेलात की सगळ्या रकमेवर कर कापतात आणि तो गेलाच म्हणून समजा.

वसुधा_सीए: काका, मर्यादा 10 लाखांचीच आहे, पण कापणी फक्त त्यावरच्या रकमेवर होते, आणि शिक्षणासाठी ती 2025-26 मध्ये 5 टक्के होती. हा कर आयकर खात्याच्या 26एएस या नोंदपत्रकात दिसतो व विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. अडकतो तो काही महिने. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस लागतच नाही. मर्यादा प्रत्येक पॅनची स्वतंत्र असल्यामुळे आई-वडिलांनी आपापल्या खात्यातून पाठवणे वैध आहे. मात्र ॲपमध्ये उद्देश निवडताना शिक्षणाचा S0305 हा कोड निवडला आहे ना, हे तपासा; दुसरा उद्देश पडला तर दर 20 टक्के होऊ शकतो.

मिहिर: मी नोकरीला लागल्यावर उलट, परदेशातून आईला पैसे पाठवतो. त्यात टीसीएसचा प्रश्नच येत नाही, माझे एवढेच.

सायली_आखेन: मिहिर, धागा भारतातून बाहेर पाठवण्याचा आहे. बाकी, विद्यापीठाची फी थेट पाठवताना माझे काही युरो वाटेतल्या बँकेने कापले आणि फी अपुरी ठरली. तेव्हापासून मी फॉर्ममध्ये OUR हा पर्याय घेते, म्हणजे तो खर्च पाठवणाऱ्याकडे राहतो.

देशपांडे_काका: आमच्या शाखेत OUR घेऊनही कमी पोहोचले. हे कसे?